सत्त्याहत्तर गुण, तरी नापास
(वसतिगृहातील मुलांच्या पालक-स्वयंसेवकांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहातल्या दोन मुलींच्या दहावीच्या गुणपत्रिका मी सोबत आणल्या आहेत. नावे सांगत नाही. पहिलीला गणितात 27 आणि विज्ञानात 44, म्हणजे एकूण 71. दुसरीला गणितात 21 आणि विज्ञानात 56, एकूण 77. पहिली पास झाली, दुसरी नापास. दुसरीचे वडील मला म्हणाले, "ताई, जास्त गुणवाली कशी काय नापास?"

राज्य मंडळात प्रत्येक विषयाला 100 पैकी 35 हवेत, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण गणित आणि विज्ञान हे दोन विषय मंडळ एकत्रही पाहते. दोन्ही मिळून 70 भरले आणि प्रत्येकात निदान 25 असले, तर दोन्हींत पास. म्हणून पहिलीचे 27 चालले. दुसरीची बेरीज पुरेशी होती, पण 21 हे 25 च्या खाली. विज्ञानातले जास्तीचे गुण ती पायरी भरून काढत नाहीत.

तिन्ही भाषांचेही असेच आहे. मिळून 105, प्रत्येकीत 25. घरी वारली किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत 26, मराठीत 48 आणि हिंदीत 40 पडले, तर बेरीज 114 होते आणि तो सुटतो. समाजशास्त्राला मात्र असा जोडीदार नाही. तिथे 35 स्वतःचेच लागतात.

आता दुसरीचे 21 नीट पाहा. लेखी परीक्षेत 80 पैकी 17, आणि शाळेच्या हातातल्या 20 पैकी 4. चारच का? स्वाध्याय आणि चाचणीच्या दिवसांत ती आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर होती. तिथे आठ मिळाले असते तरी 25 झाले असते! लेखीचा पेपर होता तसाच ठेवून. मला खरे दुःख याचेच झाले, कारण जानेवारीत कोणी शाळेत जाऊन विचारले असते तर ही चाचणी कदाचित पुन्हा घेता आली असती.

"ग्रेस देतील" असे बरेच जण धरून चालतात. सवलतीचे आणि वाढीव गुण असतात, पण दिव्यांग मुलांसाठी, खेळासाठी, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसाठी, लोककलेसाठी. ते आपोआप पडत नाहीत. प्रमाणपत्र जोडून शाळेला मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. आणि 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने टक्केवारी वाढते. नापास विषय त्याने पास होत नाही.

दुसरी मुलगी जुलैच्या पुरवणी परीक्षेला फक्त गणिताला बसली. तिला 36 मिळाले. विज्ञानाकडे पाहावेच लागले नाही.