पाच मिनिटं गप्प बसा



अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्याहून लायक दोघेतिघे याच सभागृहात बसलेत, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. जेवणाची वेळ झालीय, त्यामुळे विनयाचा हा भाग इथेच संपवतो.

सचिवांनी मला विषय दिला होता, 'चाळीस वर्षांतली जनरल प्रॅक्टिस : एक आढावा'. मी खरोखर लिहायला बसलो. कंपाउंडर, मिक्श्चरच्या बाटल्या, व्हिजिट फी, सगळं यादीत होतं. दुसऱ्या पानावर 'रक्तदाब' हा शब्द आला आणि पेन तिथेच अडकलं. म्हणून आढावा राहू द्या. गेली वीसेक वर्षं रात्री साडेदहानंतर मला जो एक फोन येतो, त्याबद्दलच आज बोलणार आहे.

"डॉक्टर, आईचं डोकं ठणकतंय आणि बीपी एकशे ब्याण्णव-एकशे आठ आलंय. अॅडमिट करू?"

हा फोन मागच्या हिवाळ्यातला. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, बीपीची गोळी रोज रात्री जेवणानंतर. मुलगा घाबरलेला. मी म्हटलं, फोन सुनेकडे दे. अशा वेळी घरात एक तरी शांत माणूस असतो, तो आधी शोधावा. मशीनबद्दल मी काहीच विचारलं नाही. डोकं कधी दुखायला लागलं? दुपारपासून, हळूहळू. असं आधी कधी दुखलंय? हो, लग्नकार्यात जागरण झालं की दुखतं. दिसायला काही त्रास? उलटी? छातीत दुखणं, दम लागणं, पाठीत कळ? तापाबरोबर मान आखडलीय? कुठे पडल्या, डोक्याला मार लागला? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? सगळ्याला नाही. मग म्हटलं, त्यांना दोन्ही हात समोर उचलून धरायला सांग आणि हसून दाखवायला सांग. मागून काकूंचा आवाज आला, "आत्ता कसलं हसू येतंय डॉक्टरांना?" वाक्य पूर्ण, उच्चार स्वच्छ, टोमणा जागेवर. माझी निम्मी काळजी तिथेच मिटली.

'नाही' आलेल्या या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं असतं, तर पुन्हा मोजण्यात मी एक मिनिटही घालवलं नसतं. सरळ १०८.

मग मशीनकडे वळलो. काकू पलंगाच्या कडेला बसलेल्या, पाय लोंबकळत, पाठीला टेका नाही, हात मांडीवर. पट्टा स्वेटरच्या बाहीवरून बांधलेला. पुण्याच्या लेकीशी दुसऱ्या फोनवर बोलणं चालू. अर्ध्या तासात सात वेळा मोजलेलं आणि दर आकड्याला घरातून "अगं बाई!" अर्धा कप चहा झालेला. शिवाय लघवी लागली होती, पण "आधी बीपी बघू" म्हणून थांबलेल्या.

मी सुनेला सांगितलं, त्यांना लघवीला जाऊन येऊ दे. टेकायला पाठ असलेल्या खुर्चीत बसव, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. हात टेबलावर, खाली उशी, म्हणजे पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. टीव्ही बंद, मुलगा बाहेर. मग घड्याळ लावून पाच मिनिटं कोणी एक शब्द बोलायचा नाही, काकूंनीही नाही. मोजताना तर नाहीच. एक रीडिंग, मग एक मिनिट थांबून दुसरं, दोन्ही लिहून ठेव आणि मशीन कपाटात टाक.

पहिलं आलं एकशे अडुसष्ट-चौऱ्याण्णव. दुसरं एकशे बासष्ट-ब्याण्णव. औषधाचा एक कणही न घेता तीस पॉइंट गेले. ते काकूंच्या रक्तवाहिन्यांत नव्हतेच. थोडे लोंबत्या हातात होते, थोडे भरल्या मूत्राशयात, थोडे गप्पांत आणि बरेचसे मुलाच्या चेहऱ्यावर. दंड हृदयाच्या पातळीखाली दहा सेंटिमीटर गेला, तर तेवढ्यानेच सात-आठ पॉइंट वाढतात.

आणि गोळी? लग्नघरी गेल्यामुळे आदल्या रात्रीची राहिली होती, आजची अजून घ्यायची होती. वर सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली, नाक मोकळं करणारी गोळी दोन वेळा झालेली. ती गोळी बीपी चढवते. डोकेदुखीवर लोक सर्रास घेतात त्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनही चढवतात. सर्दीची गोळी बंद केली. बीपीची आजची एकच घ्यायला सांगितली, कालची भरपाई म्हणून दोन नाही. डोक्यासाठी पॅरासिटामॉल, अंधार, झोप. काही बदललं तर कितीही वाजता फोन.

सकाळी काकू दवाखान्यात आल्या. दंडाचा घेर मोजला तर पस्तीस सेंटिमीटर, आणि मुलाने आणलेल्या पट्ट्यावर स्वच्छ छापलेलं, २२ ते ३२. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला की आकडा फुगणारच. माझ्या मोठ्या पट्ट्याने एकशे सेहेचाळीस-शहाऐंशी आलं. तेही जास्तच आहे. त्यासाठी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोन रीडिंग लिहायला लावली, पहिल्या दिवसाची सोडून बाकीची सरासरी काढली, ती एकशे पस्तीस-पंच्याऐंशीच्या वर निघाली, मग गोळी वाढवली. हे काम आठवड्याचं आहे. रात्री पावणेअकराला ते करायचं नसतं.

काल दुपारच्या परिसंवादात पाऱ्याचं मशीन खरं की डिजिटल यावर तासभर जुंपली. मी मागे बसून ऐकत होतो. माझ्या दवाखान्यात दोन्ही आहेत. दोन्हीवर एकाच बाईचं बीपी मी दोन तऱ्हांनी मोजलंय, धापा टाकत जिना चढून आल्याबरोबर आणि बाकावर बसवून झाल्यावर. मशीन बदलल्याने फरक पडला तीन-चारचा, बाकावर बसवल्याने पंचवीसचा. माझ्यापुरता वाद मिटला.

दुसरा वाद डोकेदुखीचा. आपल्यातले निम्मे अजून पेशंटला सांगतात, "बीपी वाढलं म्हणून डोकं दुखतंय." १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्ट्युअर्ट यांनी दाखवलं होतं की आपल्याला बीपी आहे हे ज्यांना माहीत होतं, ते डोकेदुखीची तक्रार करत, बीपी तितकंच असूनही ज्यांना पत्ता नव्हता, त्यांच्यात ती तक्रार फार कमी होती. डोकं दुखलं, झोप उडाली, भीती वाटली की बीपी चढतं. आपण गाडी बैलापुढे जुंपतो आणि वर बैलालाच चाबूक मारतो. आकडा फार वर जाऊन मेंदूला सूज येते तेव्हा बीपीमुळेच डोकं दुखतं, हे खरं आहे. पण तेव्हा नुसतं डोकं दुखत नाही. माणूस बरळतो, ओकतो, दिसेनासं होतं, झटका येतो.

आता जे बोलायला मी इतकी वर्षं थांबलो, ते बोलतो.

१९९१ साली माझ्या गावात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचं बीपी दोनशे दहा-एकशे वीस आलं. डोकं जड, बाकी काही नाही. चालत आले होते, माझ्या पाटीवरचं शुद्धलेखन सुधारून आत आले होते. मी तेव्हा सगळे करत होते तेच केलं. निफेडिपिनची कॅप्सूल टाचणीने टोचली आणि जिभेखाली पिळली. वीस मिनिटांत बीपी एकशे तीस. मी खूश. गुरुजी उठायला गेले आणि उजवा पाय उचलेना.

वर्षानुवर्षं चढ्या बीपीला सरावलेल्या मेंदूचं गणित डोंगरावरच्या वस्तीतल्या नळासारखं असतं. खालच्या आळीला पुरेल एवढा दाब वरच्या घरांना पुरत नाही. दाब एकदम पाडला की सगळ्यात आधी त्यांचं पाणी जातं. गुरुजींच्या मेंदूतली वरची घरं मी कोरडी केली. १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवा असा लेख आला. तो वाचला तेव्हा गुरुजी काठी घेऊन माझ्या दवाखान्यावरून जात असत आणि मला नमस्कार करत. त्यांना मी कधी सांगितलं नाही. आता ते नाहीत.

तरीही या सभागृहात आजही ड्रॉवरमध्ये ती कॅप्सूल ठेवणारे आहेत. हात वर करायला सांगत नाही. आकडा एकशे ऐंशी-एकशे वीसच्या वर, पाच मिनिटं नीट बसवूनही तेवढाच, पण एकही लक्षण नाही, तर ते एक-दोन दिवसांत औषध बदलण्याचं काम आहे. तासाभरात आकडा पाडण्याचं नाही.

आणि आकडा कमी म्हणून निर्धास्त होणारेही मी पाहिलेत. ऊस भरताना एका शेतकऱ्याच्या डोक्यात "फटाका फुटला". तो त्याचाच शब्द. क्षणात असह्य दुखणं, मग एक उलटी. घरी मशीनवर एकशे अठ्ठेचाळीस-नव्वद आलं, म्हणून घरचे सकाळपासून दुपारपर्यंत थांबले. सीटीत मेंदूभोवती रक्त निघालं. तसंच माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचं. पाच महिने उलटून गेलेत किंवा बाळंत होऊन सहा आठवडे व्हायचेत, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, आणि बीपी एकशे चाळीस-नव्वद. इतरांत हा आकडा पाहून मी चहा मागवीन. तिला मात्र त्याच क्षणी प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवीन. एकशे साठ-एकशे दहा असेल तर काजव्यांचीही वाट पाहणार नाही.

तोंड वाकडं, हात गळाला, जीभ जड, असं झालं तर तोंडात काहीही घालायचं नाही, ना बीपीची गोळी, ना अॅस्पिरिन, ना पाणी. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय मलाही कळत नाही. माणूस शेवटचा ठीक होता ती वेळ चिठ्ठीवर लिहायची आणि सीटी असलेलं रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आपल्या तालुक्यांतून दोन तास रस्त्यातच जातात.

सचिव घड्याळ दाखवतायत. पुढच्या वर्षाचं काम म्हणून मी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड सुचवणार होतो, एका बाजूला खुर्ची-उशी-पट्टा, दुसऱ्या बाजूला ते प्रश्न. मजकूर कोणी लिहायचा, छपाईचा खर्च कोणी करायचा, हे कार्यकारिणी बघेल. औषध दुकानदारांशी पट्ट्यांच्या मापाबद्दल बोलायला एक समिती नेमावी असंही मनात आहे, नावं नंतर कळवतो. दवाखान्यात एक बाक आणि भिंतीवर घड्याळ एवढं मात्र समितीवाचून होतं. माझा बाक गुरुजींच्या शाळेतलाच आहे, शाळेने लिलावात काढला तेव्हा घेतलेला. त्यावर कोणा पोराने कर्कटकाने '७ अ' कोरलंय. बीपी मोजायच्या आधी पेशंट त्या अक्षरांवर बोट फिरवत बसतात, आणि मी त्यांना बोलू देत नाही.