सांडपाण्याच्या नळातील मुळे

जुन्या बंगल्यांच्या आवारात सांडपाण्यासाठी भाजलेल्या मातीचे झिलईदार नळ पुरलेले असतात. त्यांचे सांधे सिमेंटने भरलेले असून, जमीन खचल्यावर त्यांना केसाएवढी भेग पडते आणि तेथून झिरपणाऱ्या ओलाव्याकडे वड, पिंपळ, उंबर यांची तंतुमुळे वळतात. मूळ धडधाकट नळ सहसा फोडत नाही, तर असलेल्या भेगेतून आत शिरून जटेसारखे पसरते आणि त्या जाळीत तेलकट मळ, केस व कागद अडकत जातात.

पाणी पूर्ण तुंबण्याच्या बऱ्याच आधी, कमोडचा फ्लश ओढताच न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, कारण नळात कोंडलेली हवा तेथून वाट काढते. शिवाय तळमजल्यावरील, म्हणजे सर्वांत खालच्या जाळीतील पाणी रेंगाळू लागते. एकच बेसिन तुंबले, तर दोष बहुधा त्याच्याच नळात असतो. चेंबरची, म्हणजे नळ तपासण्याच्या हौदांची, झाकणे उघडल्यावर घराजवळच्या चेंबरात पाणी साचलेले आणि पुढचे कोरडे आढळल्यास अडथळा त्या दोहोंमध्येच असतो. मुळे कापून वाट मोकळी होते, परंतु सांधा तसाच राहिल्यास ती पुन्हा फुटतात.