कमोडसमोरचा पाट

गुडघे दुखतात म्हणून घरात कमोड बसवला आणि तेव्हापासून आजींचं पोट नीट साफ होईना, असं पुष्कळ घरांत ऐकू येतं. गुदाशयाच्या शेवटाला एक स्नायू मागून वेढा घालून त्याला पुढे ओढून धरतो. तिथे वाक पडतो, म्हणून मल थोपवता येतो. उकिडवं बसलं की हा स्नायू जास्त सैलावतो आणि वाट सरळ होते. खुर्चीसारखं बसल्यावर तेवढी होत नाही.

म्हणून पायांखाली न घसरणारा, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचा पाट घ्यावा. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. पुढे वाकून कोपरं मांड्यांवर टेकवावीत. आणि कुंथू नये! श्वास कोंडून जोर केला की तोच स्नायू कित्येकदा उलट आवळतो. पोट फुगेल असा श्वास घ्यावा आणि जबडा सैल ठेवून तोंडाने सावकाश सोडावा. दहा मिनिटांत झालं नाही तर सरळ उठावं, मोबाइल घेऊन बसून राहू नये.

खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर तपासणी लांबवू नये.