पत्र कुणाला, प्रत कुणाला आणि झाकली प्रत कुणाला
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आता गावोगाव पोरांच्या हातात मोबाइल आहे आणि तक्रारीही ई-मेलनं जायला लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. तहसीलला खेटा मारायचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. पण ई-मेल लिहायला बसलं की वर तीन रकाने दिसतात, `To`, `Cc` आणि `Bcc`. मोबाइलवर तर पहिलाच दिसतो, त्याच्या शेजारचा बाण दाबला की बाकीचे दोन उघडतात. आमची मंडळी काय करतात? जेवढे पत्ते माहीत असतील तेवढे पहिल्याच रकान्यात कोंबतात आणि पाठवून मोकळे होतात. त्यात काय बिघडतं, एवढंच आज बोलायचं आहे.

यातलं निम्मं तुम्हाला आधीच ठाऊक आहे. सरकारी पत्र आठवा. वर ‘प्रति’ असतं आणि सहीच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दोन-चार नावं असतात. ‘प्रति’ म्हणजे `To`. ज्यानं काम करायचं, तो तिथं. ‘प्रत माहितीसाठी’ म्हणजे सीसी. त्यानं काम करायचं नाही, पण त्याला कळलंय आणि त्याला कळलंय हे इतरांनाही दिसतंय. सीसी हे कार्बन कागदाच्या प्रतीचं इंग्रजी नाव, टंकलेखन यंत्राच्या काळातलं. बीसीसी ही त्याच काळातली झाकली प्रत. ती कुणाला गेली याची नोंद मूळ पत्रावर करायची नाही, फक्त कचेरीत ठेवायच्या प्रतीवर करायची, अशी रीत होती. ई-मेलमध्ये तेच होतं. बीसीसीतली नावं तुमच्या पाठवलेल्या मेलमध्ये दिसतात, घेणाऱ्याला दिसत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शेवगाव तालुक्यातल्या एका गावात २३ जणांनी एकाच दुकानातून एकाच लॉटचं कपाशीचं बियाणं घेतलं. पाऊस चांगला झाला, लागवड वेळेवर झाली, पण दहाव्या दिवशी तासात रोपं विरळ. जवळच दुसऱ्या बियाण्याचं शेत नीट उगवलेलं, म्हणजे ओलीचा किंवा खोलीचा दोष नाही. पावत्या आहेत, लेबलं आहेत, पिशवीत थोडं बियाणं शिल्लक आहे. दुबार लागवडीआधी पाहणी आणि पंचनामा झाला पाहिजे, नाहीतर दाखवायला शेतात काही उरणार नाही. गावातल्या एका पोरानं मेल लिहायला घेतला. पत्ते कसे टाकायचे?

`To` मध्ये एकच पत्ता, पंचायत समितीचे कृषी अधिकारी. पाहणीची मागणी त्यांच्याकडे आहे. तिथं चार साहेबांची नावं टाकली तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. चौघांची म्हैस उपाशी मरते तसं होतं.

सीसीमध्ये तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. इथं शिष्टाचाराचा प्रश्न येतो. पहिल्याच पत्राची प्रत वरच्या साहेबाला दिली की खालच्या साहेबाला वाटतं, न ऐकताच माझी चहाडी केली. एरवी आमचं म्हणणं असं, की पहिलं पत्र एकट्याला लिहावं आणि उत्तर आलं नाही तर स्मरणपत्राची प्रत वर द्यावी. पण उगवणीच्या तक्रारीत आठवडा गेला तर पुरावाच गेला. म्हणून इथं पहिल्या पत्रातच प्रत द्यावी आणि मजकुरात एक ओळ घालावी: ‘दुबार लागवडीस वेळ कमी असल्याने प्रत वरिष्ठांस माहितीसाठी सादर.’ कारण लिहिलं की साहेबाचाही राग निवतो.

बियाणं कंपनीला कळवायचं का? कळवायचं, आणि उघड सीसीमध्येच. पाहणीला कंपनीचा माणूस आणि दुकानदार बोलावले जातातच. पुढं ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायला जागा राहायला नको.

खरी गोम पुढं आहे. पोरगं म्हणतं, बाकीच्या २२ जणांनाही मेल कळला पाहिजे, त्यांचे पत्ते सीसीत टाकतो. इथं थांबा. त्या मेलमध्ये कंपनी आहे. सीसीत टाकलं की २२ जणांचे पत्ते कंपनीच्या हातात तयार यादी म्हणून जातात. मग एकेकाला वेगळा निरोप जाऊ शकतो, ‘तुम्हाला दोन पिशव्या बदलून देतो, सही करा.’ पंचनाम्याला २३ पैकी ९ उरले तर तक्रारीचा जीव जातो. नावं पंचनाम्यात येणारच, ती लपवायची नाहीत आणि लपतही नाहीत. पण घरबसल्या गाठता येईल असा पत्ता आणि फोन नंबर आपण होऊन कशाला द्यायचा?

मग बीसीसीत टाकावं? पत्ते झाकले जातील हे खरं. पण दुसरा खड्डा आहे. झाकल्या प्रतीवाल्यानं ‘सर्वांना उत्तर’ म्हणजे `Reply all` दाबलं, तर त्याचं उत्तर लिहिणाऱ्याकडे जातंच, शिवाय `To` आणि सीसीतल्या सगळ्यांकडे जातं. कुणी भाबडेपणानं लिहिलं, ‘माझ्या एका तुकड्यात मागल्या सालचं बियाणंही मिसळलं होतं बरं का,’ तर ते कंपनीच्या टेबलावर पोचलं. झाकली प्रत उघडी पडली ती वेगळीच.

म्हणून आमचा सल्ला असा. तक्रारीच्या मेलमध्ये आपल्या लोकांना सीसीतही नको आणि बीसीसीतही नको. मेल आधी पाठवा, मग पाठवलेला मेल उघडून तो आपल्या २२ जणांना पुढं धाडा. हे ‘फॉरवर्ड’ करताना `To` मध्ये स्वतःचा पत्ता आणि बीसीसीत २२ जण. आता कुणी काहीही उत्तर दिलं तरी ते फक्त पाठवणाऱ्याकडे येईल. दोन मिनिटं जास्त लागतात, बस्स.

बीसीसीचा खरा उपयोग असा आहे, जिथं माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि पत्ता सगळ्यांना दाखवायचं कारण नाही. जिल्हा बैठकीची सूचनाच बघा. पाथर्डी, जामखेड, कर्जतचे शेतकरी, राहुरीच्या विद्यापीठातले एक-दोन जण, एखादा वार्ताहर, एखादा बँकेतला, अशी मिसळ असते. तिथं सगळे बीसीसीत. पण मजकुरात लिहावं, ‘ही सूचना चार तालुक्यांतील कार्यकर्ते, विद्यापीठातील मंडळी व वार्ताहरांस पाठवली आहे.’ पत्ते झाका, पण कोणत्या प्रकारच्या लोकांना गेलंय ते झाकू नका. वार्ताहर आहे हे माहीत असलं की माणूस उत्तर जपून लिहितो, आणि तो त्याचा हक्क आहे.

साहेबाला पत्र लिहून वार्ताहराला गुपचूप बीसीसी करणं मात्र आम्हाला पसंत नाही. छापायचंच असेल तर वेगळं पत्र उघडपणे द्या. पुढं ग्राहक आयोगात जायची वेळ आली आणि तुमच्याच मेलची छापील प्रत लावली, तर त्यात ते नाव निघू शकतं. समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

आणखी एक, बीसीसीनं फक्त पत्ते झाकतात, जोडलेले कागद नाही. सातबारा, आधार, बँक पासबुक एका गठ्ठ्यात जोडलं तर ते सीसीतल्या कंपनीलाही गेलं. उगवणीच्या तक्रारीला पावती, लेबलचा फोटो, गट नंबर, क्षेत्र आणि लागवडीची तारीख जोडा. आधार आणि पासबुक नको. कुणी मागितलं तर त्या कचेरीला एकट्याला द्या.

मेलच्या मजकुराचा नमुना दाराशी ठेवला आहे. प्रत्येक गावानं एक घ्यावा आणि लॉट नंबरची जागा आपली आपण भरावी.