त्याच मुलांचे आधीचे आणि नंतरचे गुण

उत्तनच्या एखाद्या शाळेत नऊ मुलांची गणिताची वीस गुणांची चाचणी घेतली, महिनाभर जादा वर्ग चालवला आणि तितकीच अवघड दुसरी चाचणी घेतली, असे समजू. आधीची सरासरी दहा, नंतरची बारा. हे दोन गुण वर्गामुळे वाढले, की योगायोगाने?

पहिली सरासरी एका गटाची, दुसरी दुसऱ्या गटाची असे मानले, तर उत्तर मिळत नाही. कारण मुलामुलांतच मोठी तफावत असते. सुरुवातीला कोणाला चार गुण होते, कोणाला सतरा. या पसाऱ्यात दोन गुणांची वाढ हरवून जाते.

पण मुले तीच आहेत. म्हणून प्रत्येकाच्या नंतरच्या गुणांतून त्याचेच आधीचे गुण वजा करायचे. मूळचा हुशार-कच्चा हा भेद त्या वजाबाकीतच गळून पडतो. समजा फरक आले: तीन, एक, चार, शून्य, दोन, पाच, उणे एक, तीन आणि एक. सरासरी दोन. हे फरक आपल्या सरासरीभोवती किती विखुरले आहेत, ते प्रमाण विचलन सांगते. इथे ते सुमारे 1.94. त्याला नऊच्या वर्गमुळाने, म्हणजे तिनाने भागले की सुमारे 0.65 उरतात. नऊच मुले घेतल्यामुळे सरासरीत एवढी डळमळ अपेक्षितच असते. दोनला 0.65 ने भागल्यावर सुमारे 3.1 येतात. हा 'टी'. नऊ जोड्यांसाठी नेहमीची सीमा 2.31 आहे. ती ओलांडली, म्हणून निव्वळ योगायोगाने एवढी वाढ दिसणे अवघड. हेच गुण जोड्या मोडून तपासले, तर 'टी' जेमतेम एक भरतो. ही पद्धत 1908 साली गिनेस मद्यनिर्मितीगृहातील विल्यम गॉसेट यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली. त्यांचे उदाहरणही जोड्यांचेच होते: त्याच दहा रुग्णांची दोन औषधांवरची झोप.

मात्र वाढ खरी ठरली म्हणजे ती वर्गामुळेच झाली, असे होत नाही. पहिल्या चाचणीत एखाद्याला त्या दिवशी बरे नव्हते म्हणून चार गुण पडले असतील. दुसऱ्या वेळी ते आपोआप वाढतात. म्हणूनच फक्त 'नापास' मुले निवडून जादा वर्ग घेतला, की तो हमखास यशस्वी दिसतो. शिवाय महिनाभरात मुले नेहमीच्या तासालाही शिकत असतात.

हा पेच मुंबई आणि बडोद्यातील महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाच्या अभ्यासात सोडवला गेला. बालसखी म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवणारी तरुणी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ती कोणत्या वर्गांना द्यायची हे यदृच्छेने ठरवले, आणि ती न मिळालेल्या वर्गांच्याही आधी-नंतर चाचण्या घेतल्या. बालसखी नसलेली मुलेही पुढे सरकली होती. दोन्हींतला फरक तेवढाच बालसखीचा; दुसऱ्या वर्षी तो प्रमाण विचलनाच्या 0.28 पट भरला. उत्तनच्या त्या शाळेतही जादा वर्गाला न बसलेल्या मुलांचे फरक काढावे लागतील, आणि मग दोन गटांच्या फरकांची आपसात तुलना करावी लागेल.