मेंटेनन्स दोन हजार : हा आकडा आला कुठून?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, "तुम्ही हिशोबावर बोला, पण लोक जेवायला थांबलेत हे लक्षात ठेवा." तेव्हा थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी आपलं मेंटेनन्स पंधराशेवरून एकदम दोन हजार झालं, आणि मी त्याचा हिशोब मागितला. त्यावरून आपल्याकडे बरीच कुजबुज झाली. त्या कुजबुजीत मूळ हिशोब मागे पडला, म्हणून तो आज नीट मांडतो.

तेव्हाच्या बिलावर एकच ओळ होती : 'मेंटेनन्स रु. 2000'. वन बीएचकेला तेवढंच आणि टू बीएचकेलाही तेवढंच. आपल्याकडे दोन्ही प्रकारची सोळा-सोळा घरं आहेत. माझं घर वन बीएचके.

मी कमिटीला लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. "सगळे हिशोब दाखवा" असं त्यात लिहिलं नव्हतं. असा अर्ज कुणालाच पुरा करता येत नाही आणि मग तो फाईलमध्ये पडून राहतो. मी चारच गोष्टी मागितल्या : माझ्या स्वतःच्या खात्याचा उतारा, मागच्या वर्षाचा ऑडिट झालेला ताळेबंद आणि जमाखर्च, खर्चाच्या प्रत्येक खात्याची खतावणीतली पानं, आणि दोन हजार रुपये ज्या सभेत ठरले तिचं इतिवृत्त. स्वतःच्या व्यवहाराची पानं, ऑडिट झालेला हिशोब आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क सहकार कायद्याने सभासदाला दिलेला आहे. दुसऱ्याच्या खात्याचा उतारा मात्र मागता येत नाही, आणि तो मी मागितलाही नाही.

अर्ज गेल्यावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे आम्ही पैसे खाल्ले असं म्हणायचंय का?" माझं म्हणणं तसं नव्हतं. बिनपगारी, रात्री दहा-दहापर्यंत बसून काम करणाऱ्या माणसाला ते लागणं साहजिक होतं. पण आकड्याबद्दल विचारणं आणि माणसाबद्दल शंका घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खतावणी उघडल्यावर ते सगळ्यांनाच दिसलं, कारण एक रुपयाही गहाळ नव्हता. चूक भागाकारात होती.

झालं असं होतं. आदल्या वर्षाचा एकूण खर्च 7,68,000 रुपये. बत्तीस घरं गुणिले बारा महिने म्हणजे 384. भागाकार केला की बरोबर 2000 येतात. कमिटीने एवढंच केलं होतं. आता तो खर्च कशाचा होता ते पाहा. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिस आणि ऑडिट मिळून 4,41,600. लिफ्टचा वार्षिक करार आणि तिची वीज 76,800. महापालिकेची पाणीपट्टी आणि पंपाची वीज 76,800. उन्हाळ्यातले टँकर 57,600. आणि लिफ्टचे दोर बदलले त्याचे 1,15,200.

यातलं शेवटचं कलम पाहा. दोर त्या वर्षी बदलले, पुढच्या वर्षी बदलायचे नव्हते. तरी घरटी महिना 300 रुपये त्यापोटी कायमचे बिलात बसले होते. असा मोठा खर्च दुरुस्ती निधीतून करायचा असतो, आणि त्या निधीत आपली जुनी शिल्लकही होती. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. झालेल्या खर्चालाच भागल्यामुळे दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या म्हातारपणासाठीची पुंजी, यांत नवीन एक रुपयाही जमा होत नव्हता. बिल वाढलं होतं आणि शिल्लक थांबली होती. ताळेबंदात दोन वर्षांचा सिंकिंग फंडाचा आकडा शेजारी ठेवला की हे लगेच कळतं. तो जागचा हलला नसेल, तर विचारायला हवं.

मग बरोबर हिशोब कसा? आदर्श उपविधींमध्ये प्रत्येक कलमाची वाटणी वेगळी सांगितली आहे. वॉचमन-झाडलोटीसारखे सेवाखर्च सर्व घरांना समान. लिफ्टही समान, कुणी वापरो न वापरो. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी सर्वसाधारण सभा ठरवेल तो, पण घराच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. हा बांधकाम खर्च म्हणजे जमीन वगळून, इमारत बांधतानाचा. आजचा बाजारभाव नव्हे.

आपली इमारत बांधली तेव्हा वन बीएचकेचा बांधकाम खर्च दोन लाख होता आणि टू बीएचकेचा तीन लाख वीस हजार. नळ अनुक्रमे चार आणि सहा, सगळे एकाच मापाचे. पाणी आणि टँकर मिळून एका नळाला महिना 70 रुपये पडतात. आता वन बीएचकेचं बिल मांडू : सेवाखर्च 1150, लिफ्ट 200, पाणी 280, दुरुस्ती 125, सिंकिंग 42. एकूण 1797. टू बीएचकेचं : 1150, 200, 420, 200 आणि 67. एकूण 2037. म्हणजे लहान घराला महिना 203 रुपये जास्त लागत होते. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला वर्षाचे 2436 रुपये ही किरकोळ रक्कम नाही. मोठ्या घराला 37 रुपये वाढले, पण त्या बदल्यात निधी पुन्हा भरू लागला.

तेव्हा आमच्या वन बीएचकेवाल्यांतल्याच काहींनी मला सांगितलं, "सगळंच स्क्वेअर फुटावर मागा, आपल्याला आणखी स्वस्त पडेल." मी नाही म्हटलं. वॉचमन मोठ्या घराची राखण जास्त करत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात क्षेत्रफळावर मेंटेनन्स आकारणारा ठराव मान्य केला नव्हता. नियम सोयीचा तेवढाच घ्यायचा असेल, तर हिशोब मागण्यात अर्थ काय राहिला? पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर त्यांना एका वाक्यात गप्प केलं, "आपलं घर लहान आहे, म्हणून जिना अर्धाच झाडतात का रे?"

खतावणीची मर्यादाही सांगतो. दोरांना 1,15,200 गेले हे ती सांगते. ते काम त्या किमतीचं होतं का, हे सांगत नाही. त्यासाठी कोटेशन आणि व्हाउचर लागतात, आणि ते वार्षिक सभेत ऑडिट रिपोर्ट समोर असताना विचारायचं. शिवाय पाव टक्का हा किमान आकडा आहे. सगळ्या घरांचा मिळून तो वर्षाला 20,800 होतो. पंचवीस वर्षांत व्याज सोडून पाच लाख वीस हजार. बत्तीस घरांच्या इमारतीला आतल्या सळ्यांपासून मोठं काम निघालं, तर तेवढ्यात आजच्या भावाने फार काही होणार नाही. सर्वसाधारण सभा हा दर वाढवू शकते, आणि तो ठराव येत्या सभेत यावा अशी माझी सूचना आहे. तेव्हा मेंटेनन्स पुन्हा वाढेल, माझंसुद्धा. पण का वाढलं, ते बिलावर वाचता येईल.

त्या सभेनंतर बिलाचा नवा नमुना आपल्या तेव्हाच्या सेक्रेटरींनीच तयार केला. आज आपल्या बिलावर पाच ओळी असतात आणि मागे आदल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो. कॉलेजला गेलेल्या मुलांना एकदा ते बिल हातात देऊन बेरीज करायला सांगा. उद्या कमिटीत त्यांनाच बसायचं आहे.

जेवणाची वेळ झाली.