खपलीखालची जखम
(जिंतूर येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे ती गोष्ट कुणी तक्रार म्हणून घेऊन येत नाही. बाई येते ती दुसऱ्याच कामासाठी. रेशन कार्डाचं काम असतं, नाही तर नवऱ्याच्या दारूचं गाऱ्हाणं. बोलता बोलता आपलं लक्ष तिच्या दंडाकडे जातं. तिथं दहा-बारा जखमा असतात. काही ओल्या, काही खपली धरलेल्या, काही नुसते काळे डाग. विचारलं की ती पदर ओढून घेते आणि म्हणते, "उष्णतेचं हाय, ताई." पण पाठीचा मधला भाग, जिथं हात पोहोचत नाही, तो अगदी स्वच्छ असतो. ही खूण लक्षात ठेवा. जखमा हाताच्या पल्ल्यातच असतील आणि मधला भाग कोरा असेल, तर बहुतेक वेळा त्या नखांनी झालेल्या असतात.

पुटकुळी फोडणं, खपली उचकटणं आपण सगळ्याच कधी ना कधी करतो. तो आजार नव्हे. आजार तेव्हा म्हणायचा, जेव्हा थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, मोहरीएवढ्या फोडाची चिंचोक्याएवढी जखम होते, आणि त्या जखमेपायी बाई लग्नाकार्याला जायचं टाळू लागते, उन्हाळ्यात लांब बाह्यांचे ब्लाऊज घालते. शंभर माणसांत दोन-तीन जणांना हा त्रास असतो असं आजवरच्या पाहण्या सांगतात, आणि उपचाराला येणाऱ्यांत बायका जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत, म्हणजे 2022 पासून लागू असलेल्या यादीत, याला स्वतंत्र नाव आहे. केस उपटण्याच्या सवयीशेजारी त्याची नोंद आहे.

नावावरून एक आठवलं. 1898 साली पॅरिसच्या ब्रॉक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञानं या त्रासाच्या एका प्रकाराला जे नाव दिलं, त्याचा अर्थ होतो 'तरुण मुलींचे खरवडलेले मुरूम'. नावातच मुली! मग पुढं किती तरी वर्षं ही नट्टापट्टा करणाऱ्या, हळव्या पोरींची खोड मानली गेली. पुरुषही हे करतात. पण पुरुषाच्या गालावरच्या खड्ड्यांमुळे त्याचं स्थळ मोडत नाही, म्हणून त्याला लपवावं लागत नाही.

आता हे होतं का, ते पाहू. बहुतेक जणींचं वयात येताना सुरू होतं, मुरूम येतात तेव्हा. बोट सहज चेहऱ्यावरून फिरतं आणि काहीतरी खरखरीत लागतं. ते तिथं नको, गुळगुळीत व्हावं असं वाटतं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या: या बाईला स्वतःला इजा करायची नसते. तिला ती जागा साफ करायची असते. नख लागतं, काहीतरी निघतं आणि क्षणभर आतला ताण उतरल्यासारखं वाटतं. तो क्षणच सवयीला खतपाणी घालतो. मग रक्त दिसतं, शरम वाटते, शरमेचा पुन्हा ताण येतो. इकडे जखमेवर खपली धरते. खपली म्हणजे नवी खरखर! शिवाय भरत आलेली जखम खाजते. बोट पुन्हा तिथंच जातं आणि खपलीखाली तयार होत असलेलं कोवळं कातडं खपलीबरोबर निघून येतं. आठ-दहा दिवसांत भरली असती अशी जखम महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तिचा काळा डाग त्याहूनही जास्त काळ टिकतो.

पिंजऱ्यातला पोपट स्वतःची पिसं उपटतो, ते तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल. अंग साफ करणं ही जिवाची उपजत वृत्ती आहे. कंटाळा, कोंडी, ताण यांत ती कधी कधी हद्द ओलांडते. काही घरांत आई, मावशी, मुलगी अशा तिघींनाही ही सवय दिसते, म्हणजे थोडं रक्तातूनही येत असावं. "मनाचा निर्धार कमी" असं म्हणून याचा उलगडा होत नाही.

उपचार कसा असतो ते एका मुलीच्या हकिगतीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन मुलींच्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत. मुलगी बावीस वर्षांची, डी.एड. झालेली, घरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. सोबत स्थळं पाहणंही चालू. हनुवटीवर आणि दोन्ही दंडांवर जखमा. आईनं लिंबू लावून पाहिलं, हळद लावून पाहिली. शेजारणीच्या सांगण्यावरून गोरं होण्याचं एक मलम आणलं. त्यात स्टेरॉईड होतं. त्यानं पहिले काही दिवस चेहरा उजळ दिसला आणि मग आणखी मुरूम उठले. म्हणजे कुरतडायला आणखी जागा झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असली मलमं चेहऱ्याला लावू नका, हे जाता जाता सांगून ठेवते.

पहिल्या आठवड्यात आम्ही तिला काहीच थांबवायला सांगितलं नाही. फक्त वहीत नोंद करायची: केव्हा, कुठं बसून, कोणत्या हातानं, त्याआधी काय चाललं होतं. ती म्हणाली, "ताई, मला कळतच नाही कवा हात गेला ते." मी म्हटलं, कळेल तेव्हा लिही. आठवड्यात तेवीस नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा रात्री जेवणानंतर न्हाणीतल्या आरशापुढच्या होत्या: दिवा लावून, आरशाला नाक टेकवून, कधी सेफ्टी पिनेनं, अर्धा-अर्धा तास. उरलेल्या नऊ वाचताना झालेल्या, डावा हात पुस्तकावर आणि उजवा हात दंडावर. हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात बाई जाणूनबुजून, मन लावून कुरतडते आणि त्यामागे बहुधा काळजी किंवा राग असतो. दुसऱ्यात हात आपोआप चालतो, तिला पत्ताही नसतो. दोन्हींचा उपाय एकच नसतो, म्हणून आधी वही.

आरशाच्या प्रकारासाठी जागाच बदलली. न्हाणीतला आरसा काढून बाहेरच्या खोलीत लावला आणि त्यापुढे बाज टाकली, म्हणजे हातभर अंतरावरूनच तोंड दिसेल. न्हाणीत कमी उजेडाचा बल्ब लावला. पिना आणि चिमटा बहिणीच्या डब्यात गेले. नखं दर तिसऱ्या दिवशी कापायची. जखमा साबणपाण्यानं धुऊन त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर आणि वर पट्टी. ओलसर राहिलेली जखम लवकर भरते, कडक खपली धरत नाही, आणि बोटाला खरखर लागत नाही.

वाचतानाच्या प्रकारासाठी उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळली. पट्टीचं बोट दंडाला लागलं की वेगळं लागतं आणि लक्षात येतं. लक्षात आलं की काय करायचं, ते आधी ठरवलेलं होतं: अंगठा आत घेऊन मूठ वळायची, ती मांडीवर हलकेच दाबून ठेवायची, श्वास सावकाश सोडायचा, एक मिनिट. ऊर्मी राहिली तर आणखी एक मिनिट. मूठ वळलेली असताना कुरतडता येत नाही, आणि चारचौघांत कुणाला दिसतही नाही. ही पद्धत अझ्रिन आणि नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली सवयींसाठी मांडली. ऊर्मी नसतानाही रोज पाच-दहा वेळा सराव करायचा, म्हणजे ऐन वेळी हाताला ते आठवतं.

तरी बोटांना काहीतरी हवंच असतं. पुस्तकात रबरी चेंडू वगैरे सुचवलेले असतात. तिच्या आजीनं कापूस पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "वाती वळ." तेच कामी आलं! बोटांच्या टोकांना हवा तो खेळ त्यात मिळतो. देवापुढच्या वातींचा साठा मात्र वर्षभराचा झाला.

आईचं काम सगळ्यात अवघड. ती दिवसातून वीस वेळा "हात काढ" म्हणून ओरडायची. त्यानं मुलगी न्हाणीत जाऊन कडी लावायची. आईशी ठरवलं की ओरडायचं नाही, फक्त बांगड्या वाजवायच्या, आणि जखमांची मोजदाद पाहुण्यांपुढे करायची नाही.

दुसऱ्या आठवड्यात नोंदी वाढून अठ्ठावीस झाल्या. घाबरू नका, असं होतं. आधी न कळणारं आता कळू लागलेलं असतं. चौथ्या आठवड्यात अकरा. मग पाहुणे बघायला येणार असं ठरलं, आणि आदल्या रात्री तिनं हनुवटी रक्तबंबाळ केली. ती रात्र वहीत लिहिली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच चालू ठेवलं. तिसऱ्या महिन्यात आठवड्याला दोन-तीन. दंड भरले, डाग आहेत. तिची सवय समूळ गेली असं मी म्हणणार नाही. ताण आला की हात जातो, पण जखम होण्याआधी थांबतो. दंडाचं थांबलं आणि डोक्यात खपल्या दिसू लागल्या असं झालं असतं, तर हात फक्त जागा बदलतोय असं समजून वही पुन्हा पहिल्यापासून काढावी लागली असती.

हे सगळं सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. रात्री जास्त खाज सुटते का आणि घरात इतरांनाही आहे का? मग ती खरूज असू शकते. तिचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं. अंगभर खाज असेल तर रक्तातली साखर तपासा. कातडीखाली किडे फिरतात अशी कुणाची खात्री असेल, तर वही नव्हे, मानसोपचारतज्ज्ञ हवा. जखमेभोवतीची लाली पसरतेय, पू आहे, ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि कुणी मुद्दाम स्वतःला इजा करत असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर ती वेगळी आणि तातडीची बाब आहे. तिला एकटीला सोडू नका. 14416 हा सरकारी टेलिमानसचा फोन 2022 पासून चालू आहे. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.

दोन-तीन महिने नेटानं करूनही उतार नसेल, किंवा सोबत उदासी असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. काहींना गोळ्यांचा उपयोग होतो. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाच्या औषधाचा 2016 साली 66 जणांवर अभ्यास झाला. ज्यांना ते औषध मिळालं आणि जे शेवटपर्यंत तपासले गेले, त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना चांगला उतार पडला; नुसत्या बिनऔषधी गोळीवर पाचात एकाला. म्हणजे निम्म्यांना पडलाही नाही. तेव्हा गोळी घेतली तरी वही आणि मूठ सोडायची नाही.

वहीची आखणी मागच्या टेबलावर ठेवली आहे. पाच रकाने आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी डब्यात ज्वारीचे दाणे टाकावेत, आरशापुढचा एका डब्यात आणि नकळत झालेला दुसऱ्या डब्यात.